धागा: औषधाच्या अभ्यासाचं संमतीपत्रक फोटोत आलंय, ते सोप्या मराठीत चार भागांत कसं मांडावं?

मलप्रभाकाठ (खानापूर)

नमस्कार मंडळी. आमच्या गल्लीतल्या एका मावशींना बेळगावच्या एका दवाखान्यात औषधाच्या अभ्यासात भाग घेणार का म्हणून विचारलंय. साखरेच्या जुन्या रुग्ण आहेत. सहा पानी पत्रक दिलंय, घरी वाचून आठ दिवसांनी या म्हणालेत. त्यांच्या मुलानं फोटो पाठवलेत आणि जरा कळेल असं लिहून द्या म्हणतोय. पत्रक मराठीतच आहे, खरं ते मराठी दोनदा वाचूनही हाती लागत नाही. एक नमुना देतो:

"विषयाचा सहभाग ऐच्छिक असून विषयाने कोणत्याही टप्प्यावर माघार घेतल्यास, अन्यथा हक्क असलेल्या लाभांची हानी अथवा दंड संभवणार नाही."

आणखी एक: "सदर अभ्यास दुहेरी-अंध, यादृच्छिक (२:१), प्लासिबो-नियंत्रित स्वरूपाचा आहे."

मला चार भाग करायचेत. अभ्यास कशासाठी, त्रास काय होऊ शकतो, आपली मर्जी कुठवर, आणि मधेच सोडायचं झालं तर काय. अडचणी दोन. फोटो पाचच आलेत, चौथं पान नाही. आणि दुसऱ्या पानावर घडीची सावली पडलीय, तिथं रक्त "१० मिली" आहे की "१.० मिली" ते कळत नाही. सुरुवात कुठून करू? मावशींचं नाव, फोन आणि दवाखान्याचं नाव झाकून दोन फोटो खाली जोडलेत.

निपाणीचा वाटाड्या

फोनमध्ये फोटोतली अक्षरं उचलायची सोय असते. फोटो उघडा, मजकूर निवडा, कॉपी करा, पाच मिनिटांत सगळं टाइप होऊन मिळेल. मग वाक्यं तोडून चार भागांत टाका, झालं काम.

शब्दशिवार (बेळगाव)

वाटाड्यांनी सांगितलेली सोय टायपिंग वाचवते, पण या कागदासाठी ती एकटी पुरत नाही. अशी उचललेली मराठी अक्षरं नेमकी धोक्याच्या जागी चुकतात. सावलीत दशांशाचा ठिपका जातो, १ आणि ९ यांची अदलाबदल होते, आणि ओळीच्या शेवटी एकटा पडलेला "न" गळून जातो. "भाग न घेतल्यास उपचार सुरू राहतील" यातला "न" गेला की भाग घेतला तरच उपचार, असा उलटा अर्थ होतो. म्हणून उचललेला मजकूर फोटोशेजारी ठेवून प्रत्येक आकडा आणि प्रत्येक नकार बोट ठेवून ताडून बघायचा.

त्याआधी फोटो पुन्हा मागवा. कागद टेबलावर सपाट, खिडकीचा उजेड बाजूनं, फ्लॅश बंद, फोन कागदाच्या बरोबर वर धरलेला. चारही कोपरे फोटोत आले पाहिजेत, कारण सगळ्यात खालच्या बारीक ओळीत आवृत्तीचा क्रमांक, तारीख आणि "पान ६ पैकी ३" असं असतं. पिन काढू नका, पान मागं वळवून दाबून धरा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं की ते दाबून लहान होतं, म्हणून तोच फोटो डॉक्युमेंट करून पाठवायला सांगा.

रक्ताच्या आकड्याचं म्हणाल तर तो अंदाजानं भरू नका. पत्रकात तोच आकडा बहुतेक वेळा दुसऱ्या कुठल्या तरी रूपात येतो. वेळापत्रकाचा तक्ता बघा, किती भेटींत रक्त घेणार आणि एकूण किती, ते तिथं असेल.

मलप्रभाकाठ (खानापूर)

सापडलं. तिसऱ्या पानावर तक्ता आहे. एकूण आठ भेटी, त्यातल्या पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि आठव्या भेटीत रक्त. तक्त्याखाली "२४ आठवड्यांत एकूण अंदाजे ५० मिली" असं स्वच्छ छापलंय. म्हणजे पाच वेळा, दर वेळी १०.

शब्दशिवार (बेळगाव)

बरोबर. १.० असतं तर एकूण ५ झालं असतं. आता लिहिताना "दर वेळी १० मिली, म्हणजे औषधाच्या बाटलीसोबत मिळणारे ५ मिलीचे दोन चमचे" असं लिहा. २४ आठवड्यांचे साडेपाच महिने होतात, तेही लिहा. मिलीचा आकडा आणि चमचा दोन्ही ठेवायचे, नुसता चमचा नको, कारण घराघरात चमचा वेगळा.

आता कामाची पद्धत. मूळ पत्रकातल्या प्रत्येक वाक्याला पेन्सिलनं क्रमांक द्या. तुम्ही नवीन वाक्य लिहाल त्याच्या शेवटी ते मूळच्या कुठल्या क्रमांकावरून आलं ते टाका. एका मूळ वाक्याची तीन झाली तरी तिघांनाही तोच क्रमांक. शेवटी यादी लावा. जो क्रमांक कुठंच आला नाही ते वाक्य तुमच्या हातून सुटलं. आणि ज्या नव्या वाक्याला क्रमांक नाही ते तुम्ही स्वतः घातलं. दोन्ही चुका सारख्याच वाईट. आपण घातलेलं वाक्य मावशी दवाखान्याचं वचन म्हणून धरतील.

म्हणून एक गोष्ट पहिल्याच ओळीत लिहा: "हे समजून घेण्यासाठी लिहिलं आहे. सही किंवा अंगठा दवाखान्यानं दिलेल्या मूळ पत्रकावरच." एथिक्स कमिटीनं मंजूर केलेला मजकूर तो मूळचाच, आपल्या कागदाला ती मान्यता नाही.

चिकोडीची अक्का

मी आशा ताईंबरोबर गावोगाव फिरते, म्हणून बाकीचं सोडून शब्दांचं तेवढं सांगते. "विषय" हा शब्द पहिला काढा. इंग्रजीतल्या शब्दाचं कुणीतरी शब्दशः करून ठेवलंय. वाचणारीला वाटतं कुठला विषय, शाळेतला? तिथं "तुम्ही" लिहा. "ऐच्छिक" म्हटलं की आमच्याकडं पोरींना दहावी-बारावीचा ऐच्छिक विषय आठवतो. "तुमची मर्जी असेल तरच" म्हणा. "दुहेरी-अंध" ऐकून एका आजीनं डोळ्याला काही होणार का म्हणून विचारलं होतं.

आणि "माघार" नको. माघार म्हणजे हरून मागं फिरणं. शब्द दिला आणि माघार घेतली, असं आपल्याकडं बोलतात, त्यात लाज आहे. "मधेच बाहेर पडणं" किंवा "थांबणं" लिहा. बाई बाहेर पडायला लाजली तर तिला हक्क असून उपयोग काय?

हुक्केरीकर पाटील

एक महत्त्वाचं राहिलं. २०१९ च्या नियमांनुसार प्रत्येक अभ्यासात संमती घेताना व्हिडिओ काढणं सक्तीचं आहे. मावशींचा व्हिडिओ काढणार नसतील तर ते पत्रकच बेकायदा. आधी ते विचारा, मग सोपं करत बसा.

शब्दशिवार (बेळगाव)

पाटील, २०१९ चे नियम बरोबर, पण "प्रत्येक" बरोबर नाही. नवं औषध आणि वैद्यकीय चाचण्यांच्या त्या नियमांत ऑडिओ-व्हिडिओची सक्ती आहे ती नव्या रासायनिक किंवा रेणवीय घटकाच्या चाचणीत, आणि तीही दुर्बल गटातल्या सहभागींसाठी. एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांसाठी फक्त आवाज नोंदवायचा असतो. बाकी ठिकाणी व्हिडिओ नाही म्हणून पत्रक बेकायदा ठरत नाही. मावशींच्या पत्रकात औषध नवं आहे की बाजारात आधीपासून असलेलं, आणि मावशी दुर्बल गटात धरल्या जातात का, यावर ते ठरेल. तेव्हा प्रश्न विचारायला हरकत नाही, आरोप करू नका.

अक्कांचं म्हणणं मी पूर्ण मानतो. एकच भर. "२:१ यादृच्छिक" याचं नुसतं "चिठ्ठी टाकून" केलं तर वाचणाऱ्याला निम्मे-निम्मे वाटतं. इथं तसं नाही. असं लिहा: "तुम्हाला कोणती गोळी द्यायची ते डॉक्टर निवडत नाहीत, चिठ्ठी टाकल्यासारखं संगणक ठरवतो. भाग घेणाऱ्या दर तीन जणांपैकी दोघांना नवी गोळी मिळते, एकाला औषध नसलेली पण दिसायला तशीच गोळी मिळते. कुणाला कोणती मिळाली हे तुम्हालाही माहीत नसतं आणि तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नसतं." दुहेरी-अंध म्हणजे एवढंच.

मलप्रभाकाठ (खानापूर)

पहिला भाग असा केलाय, बघा:

"हा अभ्यास कशासाठी? तुमच्या साखरेसाठी एक नवीन गोळी आली आहे. तुमच्या नेहमीच्या गोळ्यांसोबत ती दिल्यानं साखर आणखी आटोक्यात येईल. यासाठी तुमच्यावर साडेपाच महिने उपचार केले जातील."

शब्दशिवार (बेळगाव)

हे वाचायला सोपं आहे, पण अर्थ बदललाय. मूळ वाक्य काय होतं? पहिल्या पानाच्या फोटोत दिसतंय: "परिणामकारकता व सुरक्षितता यांचे मूल्यमापन करणे". म्हणजे गोळी काम करते का आणि ती निर्धोक आहे का, हेच अजून बघायचंय. तुम्ही "आटोक्यात येईल" लिहून उत्तर आधीच देऊन टाकलंत. सोपं करताना सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक हीच. "मूल्यमापन" हा जड शब्द काढायच्या नादात त्याच्यातला "का?" निघून जातो.

दुसरं, "तुमच्यावर उपचार केले जातील". पत्रकात "उपचार" शब्द आहे हे खरं, पण तीनात एकाला औषध नसलेली गोळी मिळणार असताना तुमच्या मजकुरात तो शब्द एकटा उभा राहिला तर मावशी याला आपला इलाजच समजणार. मी असं लिहीन:

"हे संशोधन आहे. साखरेच्या एका गोळीबद्दल दोन गोष्टी बघायच्या आहेत. नेहमीच्या गोळ्यांसोबत ती घेतली तर साखर आणखी कमी होते का, आणि तिचा त्रास किती होतो. तुम्हाला तिचा उपयोग होईलच असं नाही. तुमच्या नेहमीच्या गोळ्या चालूच राहतील."

शेवटची दोन वाक्यं पत्रकात आहेत ना, तेवढं बघून घ्या. दुसऱ्या पानाच्या तळाला दिसतायत असं वाटतंय.

मलप्रभाकाठ (खानापूर)

आहेत. वाक्य क्रमांक १४ आणि १५. बदललं. त्रासांचा भाग मात्र अवघड जातोय. मूळ असं आहे:

"सामान्य (≥१/१०० ते <१/१०): जननेंद्रियाचा बुरशीजन्य संसर्ग, मूत्रमार्ग संसर्ग. दुर्मीळ (≥१/१०,००० ते <१/१,०००): कीटोॲसिडोसिस, जो रक्तशर्करा लक्षणीय वाढलेली नसतानाही उद्भवू शकतो. सल्फोनिलयुरियासोबत घेतल्यास हायपोग्लायसीमिया. निर्जलीकरण. दीर्घकाळ उपाशी राहणे टाळावे."

मी "सामान्य त्रास" आणि "दुर्मीळ त्रास" असे दोन गट करून सोपे शब्द घातलेत.

चिकोडीची अक्का

"सामान्य त्रास" म्हटलं की बायका म्हणणार, सामान्यच आहे की, अंगावर काढू. आमच्याकडं सामान्य म्हणजे किरकोळ. आणि खालच्या जागेची खाज, पांढरं जाणं हे तर कुणी डॉक्टरांना सांगतच नाही. तिथं "जननेंद्रियाचा संसर्ग" लिहून चालणार नाही. "अंगावरून पांढरं जाणं, लघवीच्या जागी खाज, आग" असं सरळ लिहा. पुरुषांच्या कागदावर त्यांच्या शब्दांत.

शब्दशिवार (बेळगाव)

अक्कांनी मुख्य गोष्ट पकडली. पत्रकातला "सामान्य" हा किती जणांना होतं याबद्दल आहे, किती जोराचं होतं याबद्दल नाही. मराठीत हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात मिसळतात, म्हणून तो शब्दच टाका आणि माणसं मोजा. १/१०० ते १/१० म्हणजे "शंभर जणांनी गोळी घेतली तर एक ते नऊ जणांना". दुर्मीळ म्हणजे "दहा हजार जणांत एक ते नऊ जणांना". सगळीकडं "इतक्यांत इतके" असा एकच ढाचा ठेवा. एका ओळीत टक्के आणि दुसरीत दहा हजारात एक असं केलं की वाचणाऱ्याला तुलना करता येत नाही.

आणि क्रम बदलायला भिऊ नका. मूळात जास्त जणांना होणारं आधी आणि दुर्मीळ नंतर आहे, त्यामुळं सगळ्यात जिवावरचा त्रास परिच्छेदाच्या पोटात गेलाय. तुम्ही दोन गट करा, ज्याला थांबून चालत नाही ते आणि पुढच्या भेटीत सांगितलं तरी चालेल ते. पण ही विभागणी आपल्या मनानं करायची नाही. पत्रकात "तात्काळ संपर्क साधावा" हे कुठल्या त्रासापुढं लिहिलंय ते शोधा, तेवढंच पहिल्या गटात.

मलप्रभाकाठ (खानापूर)

पाचव्या पानावर ते वाक्य मिळालं. कीटोॲसिडोसिसची लक्षणं म्हणून मळमळ, उलटी, पोटदुखी, धाप ही नावं आणि "तात्काळ संपर्क" असं आहे. साखर अचानक उतरण्याबद्दलही तसंच आहे. मग आता असं लिहिलंय:

"लगेच फोन करा, थांबू नका: उलट्या, पोटात दुखणं, धाप लागणं. रक्तात आम्ल वाढल्याची ही खूण असू शकते. दहा हजार जणांत एक ते नऊ जणांना असं होतं. त्या वेळी साखर फार वाढलेली नसली तरी हे होऊ शकतं, म्हणून मीटरवर आकडा बरा दिसला तरी फोन करा.

हातपाय कापणं, दरदरून घाम, एकदम भूक, गरगरणं: साखर फार उतरल्याची खूण. साखरेच्या ठरावीक गटातल्या गोळ्या चालू असतील तर ही शक्यता असते. तुमच्या गोळ्या त्या गटातल्या आहेत का ते विचारा."

शब्दशिवार (बेळगाव)

पहिला परिच्छेद चांगला उतरलाय. "मीटरवर आकडा बरा दिसला तरी" हे मूळ वाक्यातूनच निघतं, म्हणून चालेल. दुसऱ्यात "घाम, भूक, गरगरणं" ही लक्षणं पत्रकात आहेत की तुम्हाला ठाऊक होती म्हणून आलीत? क्रमांक लावून बघा. नसतील तर काढायला नकोत, पण वेगळ्या रंगात "डॉक्टरांना विचारायचे प्रश्न" या यादीत टाका: "साखर उतरली हे कसं ओळखायचं?" आणि भेटीला जाताना मावशींनी चालू गोळ्यांच्या पट्ट्या सोबत न्याव्यात. नावं लिहून नेण्यापेक्षा ते खात्रीचं.

मलप्रभाकाठ (खानापूर)

नव्हती, मीच घातली होती. प्रश्नांत हलवली.

"दीर्घकाळ उपाशी राहणे टाळावे" याचं काय करू? मावशी महिन्याच्या दोन्ही एकादश्या धरतात. सरळ "एकादशी करू नका" लिहू का?

चिकोडीची अक्का

तसं लिहाल तर त्या अभ्यासाला जाणार नाहीत, नाहीतर जातील आणि उपास लपवतील. साबुदाणा, भगर, शेंगदाणे खाऊन केलेला उपास हा पत्रकातला "उपाशी" आहे का, हे आधी कळायला हवं.

शब्दशिवार (बेळगाव)

पत्रकात ते नाही, म्हणून आपण ठरवू शकत नाही. "खूप वेळ उपाशी राहू नका" एवढं लिहा आणि प्रश्नांच्या यादीत पहिला हाच ठेवा: "मी एकादशीला फराळ करून उपास धरते, ते चालेल का? निर्जळी चालेल का?" प्रश्नात नेमकं काय खातात ते असलं की उत्तरही नेमकं मिळतं.

गोकाकवाली स्मिता

मधेच विचारते, माफ करा. आमच्या कॉलेजच्या नर्सिंगच्या मुलींनी घरी येऊन फक्त प्रश्नावली भरून घेतली, त्याचंही असंच एक पानी संमतीपत्र होतं. त्यात त्रासाच्या जागी "कोणतेही धोके नाहीत" लिहिलं होतं. मग तिथं हा भाग ठेवायचाच नाही का?

शब्दशिवार (बेळगाव)

ठेवायचा, स्मिता. गोळी नाही, सुई नाही, म्हणून अंगाला त्रास नाही. पण घरातली माहिती बाहेर जाणं हा धोका असतो. नाव लिहितात का, कागद कुठं ठेवतात, एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसेल तर चालतं का, हे त्या भागात येतं. मावशींच्या पत्रकापेक्षा तो कागद बराच लहान होईल.

मलप्रभाकाठ (खानापूर)

मर्जीचा भाग असा: "भाग घ्यायचा की नाही ही तुमची मर्जी. नाही म्हणालात तरी या दवाखान्यातला तुमचा नेहमीचा इलाज आहे तसाच चालू राहील. नाही म्हटल्याबद्दल दंड नाही, कुठली सवलत बंद होणार नाही." पुरे का?

शब्दशिवार (बेळगाव)

भाषा सुरेख आहे. दोन गोष्टी इथं आणा. एक, दुसऱ्या पानावर "पर्यायी उपचार" म्हणून वाक्य आहे, ते तुम्ही अजून कुठंच बसवलेलं नाही. चार भागांत त्याला घर नाही म्हणून ते राहून जातं. त्याची जागा इथंच आहे: "भाग घेतला नाही तर साखरेसाठी बाजारात असलेल्या दुसऱ्या गोळ्या किंवा इन्सुलिन तुमचे डॉक्टर देऊ शकतात." दुसरी वाट दिसल्याशिवाय मर्जी कसली?

दोन, सही कुणाची. मावशींना वाचता येतं का? येत नसेल तर पत्रक वाचून दाखवताना पहिल्यापासून शेवटपर्यंत एक तटस्थ साक्षीदार हजर पाहिजे आणि त्यानं सही करायची. तो अभ्यासाच्या मंडळींपैकी नसावा. शेवटी बोलावून "इथं सही करा" म्हटलेला माणूस साक्षीदार होत नाही.

हुक्केरीकर पाटील

मुलानं सही केली तर चालतं की. घरचा कर्ता तोच आहे.

शब्दशिवार (बेळगाव)

नाही पाटील. मावशी सज्ञान आहेत, त्यांचं भान शाबूत आहे, तेव्हा संमती त्यांचीच. मुलाशी बोलून ठरवणं वेगळं, मुलानं ठरवणं वेगळं.

मलप्रभाकाठ (खानापूर)

त्यांना कन्नड वाचता येत नाही, मराठी हळूहळू वाचतात. मुलगा म्हणाला सही करतील.

आता शेवटचा भाग, बाहेर पडणं. मूळात तीन वाक्यं आहेत, तिसरं फार लांब:

"माघार घेतल्यास तत्पूर्वी संकलित माहिती विश्लेषणासाठी वापरली जाईल, सुरक्षिततेच्या दृष्टीने अंतिम तपासणीसाठी विनंती केली जाईल, न वापरलेले अभ्यास-औषध परत करावे, तसेच शिल्लक नमुने भविष्यातील संशोधनासाठी ५ वर्षे जतन करण्यास ☐ होय ☐ नाही."

हुक्केरीकर पाटील

बाहेर पडलं की सगळी माहिती पुसून टाकावी लागते. ते का लिहिलं नाही?

शब्दशिवार (बेळगाव)

कारण पत्रकात उलट लिहिलंय. तोवर जमलेली माहिती ते वापरणार आहेत. गोळीचा त्रास झाला म्हणून सोडून गेलेल्यांची माहिती पुसली तर गोळी आहे त्यापेक्षा निर्धोक दिसेल, हे त्यामागचं कारण. मावशींना हे आधी कळलंच पाहिजे, म्हणून लपवून चालणार नाही: "तुम्ही बाहेर पडलात तर त्यानंतरची माहिती घेणार नाहीत, पण त्याआधी घेतलेली वापरतील." यातलं पहिलं अर्धं पत्रकात आहे का ते बघा, नसेल तर प्रश्नांत.

या एका वाक्यात चार वेगळ्या गोष्टी कोंबल्यात, त्या सोडवा. माहितीचं वर झालं. शेवटची तपासणी ही "विनंती" आहे, तिचं "यावं लागेल" करू नका. मूळात "करावे", "केले जाईल", "विनंती" असे तीन वेगळे सूर आहेत, सोपं करताना सगळे आज्ञार्थी होऊन बसतात. उरलेल्या गोळ्या मात्र परत करायच्याच, शेजारणीला द्यायच्या नाहीत.

चौथी गोष्ट फार महत्त्वाची. उरलेलं रक्त ५ वर्षं ठेवायचं की नाही, हा बाहेर पडण्याचा मुद्दाच नाही. ती वेगळी परवानगी आहे आणि ती वाक्याच्या शेपटाला बांधलीय. तिला मर्जीच्या भागात स्वतःची ओळ द्या. "नाही" वर खूण करूनही अभ्यासात भाग घेता येतो का, हे पत्रकात स्पष्ट नसेल तर तोही प्रश्न.

आणि "बाहेर पडणं" यातही दोन पायऱ्या असतात. गोळी थांबवली पण तपासणीला येत राहिलं ही एक, आणि सगळंच थांबवलं ही दुसरी. पत्रकात हा फरक नसेल तर विचारून घ्या, कारण गोळीचा त्रास झालेल्या बाईला पहिली वाट जास्त सोयीची असू शकते.

मलप्रभाकाठ (खानापूर)

चौथ्या पानाचा फोटो आत्ता आला, डॉक्युमेंट करून. त्यात त्रास झाला तर खर्च कुणाचा ते आहे: "संशोधनाशी संबंधित इजा झाल्यास आवश्यक तितका काळ किंवा इजा संशोधनाशी संबंधित नसल्याचे सिद्ध होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंत, मोफत वैद्यकीय व्यवस्थापन."

शब्दशिवार (बेळगाव)

हे त्रासाच्या भागात, लगेच फोन करण्याच्या ओळींच्या खाली. आणि याचं "सगळा खर्च दवाखाना करेल" असं करू नका. "जे आधी घडेल" ही अट आहे, ती ठेवा: "अभ्यासात असताना इजा झाली तर इलाज फुकट होईल. गरज असेपर्यंत होईल. पण त्याआधीच ती इजा अभ्यासामुळं झालेली नाही असं ठरलं, तर फुकट इलाज तिथं थांबेल." त्यापुढं नुकसानभरपाईचं वेगळं वाक्य असायला हवं. ते वेगळंच लिहा, फुकट इलाज आणि भरपाई एक नव्हे.

चिकोडीची अक्का

लिहून झालं की मावशींना वाचून दाखवा आणि "कळलं का" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. "तुमच्या बहिणीला फोनवर हे कसं सांगाल" असं म्हणा. औषध नसलेली गोळी मिळू शकते आणि मधेच थांबता येतं, या दोन गोष्टी त्यांच्या तोंडून आपोआप आल्या नाहीत तर तो भाग पुन्हा लिहा.

एक मात्र मला अजून पटलेलं नाही. तुम्ही सगळे "अभ्यास" लिहिताय. आमच्याकडं अभ्यास म्हणजे पोरांचा. "चाचणी" म्हटलं तर रक्ताची चाचणी वाटते. "प्रयोग" म्हटलं तर बाई दचकते.

शब्दशिवार (बेळगाव)

मी "संशोधन" वापरतो, तेही जडच आहे. पण "प्रयोग" ऐकून बाई दचकत असेल, तर तिला नेमकं काय चाललंय ते कळलं असंही म्हणता येईल. यावर माझं मत पक्कं नाही.

चिकोडीची अक्का

दचकून घरी परत गेली तर प्रश्न तरी कुठं विचारणार? मला "औषध तपासून बघायचं काम" बरं वाटतं.

मलप्रभाकाठ (खानापूर)

वरती "संशोधन" आणि पहिल्या वाक्यात अक्कांचं "औषध तपासून बघायचं काम" असं दोन्ही ठेवतो. यादी लावली, मूळ ५२ वाक्यांपैकी क्रमांक ३८ सुटला होता. प्रवासखर्च झालेल्या भेटींपुरताच मिळेल, असं ते आहे. बाहेर पडण्याच्या भागात घातलं.

चौथं पान जोडताना आणखी एक दिसलं. पहिल्या पाच पानांच्या तळाला "आवृत्ती २.०" आहे आणि सहीच्या सहाव्या पानावर "आवृत्ती १.१". तारीखही आधीची.

शब्दशिवार (बेळगाव)

मग सही थांबवा. जुनं सहीचं पान नव्या पत्रकाला चुकून जोडलं गेलं असेल, पण मावशी ज्या आवृत्तीवर सही करतील तीच त्यांना समजावलेली असली पाहिजे. पहिल्या भेटीत दोन्ही तळओळी दाखवा, एकाच आवृत्तीचा संच मागा, आणि सही झाल्यावर भरलेल्या पत्रकाची प्रत मागून घ्या, ती त्यांचा हक्क आहे. नवा संच मिळाला की तुमचा कागद क्रमांकांनुसार पुन्हा एकदा ताडा. २.० मध्ये काय बदललं ते तेव्हा कळेल.

मलप्रभाकाठ (खानापूर)

मंगळवारी जाणार आहेत. प्रश्नांची यादी आता नऊ झाली: एकादशी पहिला, आवृत्ती दुसरा.